हॉलमधला टीव्ही, ओट्यावरचा फोन आणि एडिटिंगचा लॅपटॉप

मंडळी, आज एकच व्हिडिओ समोर ठेवून बोलते. उकडीच्या मोदकांचा, सहा मिनिटांचा, आडव्या फ्रेमचा. साहित्याची पाटी, उकड काढणं, मळणं, पारी करणं, कळ्या पाडणं, वाफवणं, असा त्याचा साधा क्रम. तुमच्यापैकी बहुतेक जण असे व्हिडिओ घरीच लॅपटॉपवर एडिट करता. पण बघणारे ते कुठे बघतात? कुणी लोकलमध्ये फोनवर, कुणी रात्री जेवणानंतर हॉलमधल्या टीव्हीवर, आणि कुणी प्रत्यक्ष मोदक करताना, फोन डब्याला टेकवून ओट्यावर.

आपल्या मनात एक क्रम पक्का बसलेला असतो: टीव्ही मोठा, लॅपटॉप मधला, फोन छोटा. डोळ्याला मात्र पडद्याची लांबीरुंदी कळत नाही. किती मोठा पडदा किती लांब आहे, त्यावर तो केवढा दिसणार ते ठरतं. म्हणून हे सगळे पडदे एकाच मापात आणू. समजा, सगळे डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे लॅपटॉपच्या अंतरावर आणून ठेवले. चित्राची उंची केवढी दिसेल?

१५.६ इंची लॅपटॉपवर फुल स्क्रीन केलेलं चित्र साधारण १९ सेंटिमीटर उंच असतं. ते तेवढंच दिसेल. साडेसहा इंची फोन आडवा धरला, डोळ्यांपासून फुटापेक्षा जरा लांब, तर १३ सेंटिमीटर. ४३ इंची टीव्ही पावणेतीन मीटरवरून बघितला तर १२. घराघरांत असतो तो ३२ इंची टीव्ही त्याच अंतरावरून ९. आणि फोन उभाच ठेवून, चित्र वरच्या पट्टीत बघितलं तर जेमतेम ७. ओट्यावर टेकवलेला फोन आडवा असला, तरी तो चेहऱ्यापासून दोन फूट लांब असतो. त्याचं चित्र साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास येतं.

या रांगेत टीव्ही कुठे बसला बघा. ३२ इंची टीव्ही आणि उभा धरलेला फोन जवळजवळ शेजारी आहेत. सगळ्यात मोठं चित्र आपल्याच समोर आहे, ज्याच्यावर आपण पाटीचा आकार ठरवतो, कट कुठे मारायचा ते ठरवतो. म्हणजे आपण सगळे निर्णय सर्वांत सोयीच्या पडद्यावर बसून घेतो, आणि तो पडदा प्रेक्षकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतो. माझं आजचं सगळं सांगणं यातून निघतं.

आता मजकूर. ६० सेंटिमीटरवरून अक्षर आरामात वाचता यायला त्याची उंची साधारण साडेतीन मिलिमीटर हवी. उंची म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा आणि उकार सोडून. उभ्या फोनचं चित्र आपल्या मापात सात सेंटिमीटरांचं, म्हणजे सत्तर मिलिमीटर. सत्तरात साडेतीन म्हणजे विसावा भाग. १०८० ओळींच्या फ्रेममध्ये तो ५४ पिक्सेल होतो. एवढं एक माप लक्षात ठेवा: ‘क’ची उंची फ्रेमच्या विसाव्या भागाइतकी. सॉफ्टवेअरमधल्या फॉन्ट साइझच्या आकड्यावर जाऊ नका. त्या आकड्यात मात्रांची जागाही धरलेली असते आणि ती प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी असते. फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि ‘क’ मोजा.

हे अक्षर लॅपटॉपवर फुल स्क्रीनला जवळपास एक सेंटिमीटर उंच दिसतं. बटबटीत वाटतं. नवीन एडिटर ते बघून लगेच लहान करतो, आणि तिथेच पाटी फोनवरच्या प्रेक्षकाच्या हातून जाते.

देवनागरीत हे जास्त नडतं. फोनवर डेटा कमी असला की व्हिडिओ आपोआप ३६० ओळींवर उतरतो. १०८० चे ३६० म्हणजे प्रत्येक अक्षर एक तृतीयांश. ५४ पिक्सेलचं अक्षर १८ वर आलं तरी वाचता येतं. ३० पिक्सेलचं १० वर आलं की घ आणि ध, भ आणि म, प आणि ष एकमेकांत मिसळतात. शब्द ओळखीचा असेल तर वाचणारा अंदाजाने सावरून घेतो. आकड्याला मात्र अंदाजाचा आधार नसतो. ‘१ चमचा’ लहान आणि पुसट झाला की ‘९’ वाटू शकतो. ‘१/२ वाटी’मधली तिरकी रेघ पुसली गेली की १२ उरतात. म्हणून पाटीवर ‘अर्धी वाटी’, ‘पाव चमचा’, ‘एक वाटी’ असं अक्षरी लिहा. आणि तीच गोष्ट त्याच वेळी तोंडानेही सांगा. चाळिशी लागलेली बाई चष्मा नसला की फोन लांब धरते, तेव्हा अक्षर आणखी लहान होतं. तिच्यासाठी आवाजच पाटीचं काम करतो.

आपल्या मोदकांच्या व्हिडिओत पहिल्याच पाटीवर पिठी, पाणी, तूप, मीठ, खोबरं, गूळ, वेलची, खसखस असे आठ जिन्नस एकाखाली एक आहेत. ५४ पिक्सेलचं अक्षर, त्यावर मात्रा, खाली उकार, दोन ओळींत श्वास घ्यायला जागा, असं धरलं तर एका ओळीला १२० पिक्सेल लागतात. वरखाली दहा-दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, का ते पुढे सांगते, म्हणजे हातात ८६४ पिक्सेल उरतात. त्यात आठ ओळी बसत नाहीत. अशा वेळी अक्षर लहान करू नका, पाटी तोडा. उकडीचे चार जिन्नस सुरुवातीला, सारणाचे चार सारणाची कढई गॅसवर चढते तेव्हा. अक्षरं पांढरी, कडेला गडद किनार किंवा मागे गडद पट्टा. हिरव्या केळीच्या पानावर लाल अक्षरं टाकायचा मोह आवरा. व्हिडिओ दाबताना रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी साठवली जाते, त्यामुळे नुसत्या रंगाच्या फरकावर उभी असलेली अक्षरं कडेने विरघळतात. टीव्हीवर ते लगेच डोळ्यात भरतं.

पाटी ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहेच. हल्लीचे पुष्कळ फोन २०:९ चे, आपला व्हिडिओ १६:९ चा. आडव्या फोनवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, म्हणून लोक दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरून घेतात. त्यात वरचे दहा टक्के आणि खालचे दहा टक्के कापले जातात. १०८० मध्ये खालचे १०८ पिक्सेल गेलेच समजा. तळाला चिकटवलेली ओळ अर्धी दिसते. काही टीव्ही अजूनही चारही कडा थोड्या कापतात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची शिफारस मजकुराला प्रत्येक कडेने पाच टक्के सोडायची आहे. वरखाली दहा, डावीउजवी पाच सोडलेत की दोन्हीकडे निभावतं.

फ्रेमिंगचंही असंच. या व्हिडिओत कळ्या पाडण्याचा शॉट लांबून घेतला आहे. साडीचा पदर, समई, पितळी डबे, सगळा चार फुटांचा ओटा दिसतो. लॅपटॉपवर फार सुंदर दिसतो. पण पारीची एक कळी सुमारे एक सेंटिमीटरची. १२० सेंटिमीटर रुंद दृश्य आडव्या फोनच्या बारा सेंटिमीटरांत बसवलं की ती कळी एक मिलिमीटरची उरते. अंगठा आणि दोन बोटं नेमकी कुठून चिमटा घेतात, हे बघायलाच प्रेक्षक आला आहे आणि तेवढंच त्याला दिसत नाही. तोच शॉट वरून, तीस सेंटिमीटर रुंदीचा, फक्त हात आणि पारी, असा घेतला तर कळी चार मिलिमीटरची होते. लांबचा शॉट टाकून देऊ नका. त्याला सुरुवातीचे दोन-तीन सेकंद द्या, मग थेट हातांवर या. आणि हात प्रेक्षकाच्याच बाजूने आत येताहेत असा कॅमेरा लावा. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं होतं आणि करणारीचा गोंधळ उडतो.

गतीच्या बाबतीत मात्र ही रांग कामाला येत नाही. तिथे चित्र किती मोठं आहे यापेक्षा बघणाऱ्याची नजर आणि हात कुठे आहेत ते बघावं लागतं. लोकलमधल्या फोनवर यूट्यूबच्या चित्राच्या डाव्या कडेला दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागे जाता येतं. ओट्याशी उभी असलेली बाई पिठाने माखलेल्या हातांनी ते करत नाही, आणि तिची नजर निम्मा वेळ स्वतःच्या परातीत असते. टीव्हीसमोर चार माणसं बसलेली असतात, मधे कुणी बोलतं, रिमोट दुसऱ्याच्या हातात असतो. कळी पाडण्याचा चार सेकंदांचा शॉट लॅपटॉपवर लांबलेला वाटतो. ओट्याशी तो मान वर करेपर्यंत संपलेला असतो. म्हणून जिथे हाताची कृती शिकवायची आहे, तिथे एक कळी पूर्ण, न कापता दाखवा, आणि लगेच दुसरी. मळण्याचा, वाफेचा, सजावटीचा भाग बिनधास्त छाटा.

पाटीच्या वेळेसाठी माझा हिशेब असा आहे: व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला पाटी मोठ्याने वाचायला लावायची, त्याला लागलेल्या वेळात दोन सेकंद मिळवायचे. पाटी वाचून नजर पुन्हा हातांवर यायला तेवढे लागतात. तुम्ही स्वतः वाचून वेळ ठरवू नका. ती पाटी तुम्हीच लिहिली आहे, तुमचा डोळा अक्षरं न वाचताच पुढे जातो.

प्रत्यक्ष तपासणी अशी करा. एडिट करतानाच प्रीव्ह्यूची खिडकी आवळून सात सेंटिमीटर उंच ठेवा, फुटपट्टी लावून. हा तुमचा उभा फोन आणि बत्तीस इंची टीव्ही, दोन्ही. मग व्हिडिओ अनलिस्टेड चढवा, एचडी तयार होईपर्यंत थांबा. फोनवर मुद्दाम ३६० निवडून, उभा, मग आडवा ताणून, मग ओट्यावर टेकवून बघा. टीव्हीवर टीव्हीच्याच अ‍ॅपमधून, सोफ्यावर बसून. लॅपटॉपची केबल जोडून दाखवलेलं चित्र प्रेक्षकाला मिळणाऱ्या चित्रासारखं असेलच असं नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवा आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्या माणसाकडे बघा. कुठे पुढे वाकतो, कुठे ‘काय लिहिलंय?’ विचारतो, कुठे नजर काढून घेतो, तिथली वेळ टिपा.

तिन्ही पडद्यांचं एकमत झालं नाही तर? अक्षराचा आकार उभ्या फोनवर ठरवा, कडा ताणलेल्या फोनवर, गती ओट्यावर. यूट्यूब स्टुडिओत डिव्हाइसनुसार आकडे मिळतात, त्यात टीव्हीचा वाटा मोठा दिसला तर दृश्यं थोडी जास्त रेंगाळू द्या.

उभ्या व्हिडिओचा प्रश्न आता कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. आडव्या फ्रेममधून ९:१६ कापलं तर १९२० पैकी सुमारे ६०७ पिक्सेल रुंदी उरते, एक तृतीयांशाहून कमी. टॉप शॉटमधली पारी मधोमध असेल तर कळ्या नीट येतात, बाजूची सारणाची वाटी मात्र जाते. आडव्याच्या पाट्या तर मुळीच बसत नाहीत. त्यामुळे एकच फाइल दोन्हीकडे चालवू नका. चित्रीकरणाच्या वेळीच पारी मध्ये ठेवा, पाट्यांशिवायची एक प्रत वेगळी काढून ठेवा, आणि उभ्यासाठी फक्त कळ्यांचं मिनिट घेऊन, पाट्या नव्याने लिहून, वेगळं एडिट करा.