संदर्भ दिला होता, तरीही

(ठाण्यातल्या एका वाचनालयात पदव्युत्तर विद्यार्थी आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो 'कोश, ब्लॉग आणि संकेतस्थळांचे संदर्भ कसे द्यावेत'. त्यावर येतेच, पण आधी एका मुलीबद्दल सांगते, कारण तिच्यापायीच मी या विषयाच्या मागे लागले. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होते. ठाण्याच्या रेल्वेवर प्रबंध लिहिणारी ही मुलगी एका दुपारी माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्याच रडायला लागली. हातात साम्य तपासणीचा अहवाल होता, एकतीस टक्क्यांचा. "मॅडम, मी संदर्भ दिलाय हो प्रत्येक ठिकाणी. आणि हे जे संकेतस्थळ दाखवतायत ना, ते मी आयुष्यात उघडलेलं नाही."

तिची दोन्ही वाक्यं खरी होती.

अहवालात रंगवलेला परिच्छेद पहिल्या गाडीचा होता. डाव्या बाजूला तिचा मजकूर, उजवीकडे कुठल्याशा पर्यटन संकेतस्थळाचा. ती ते स्थळ उघडायला गेलीच नव्हती. तिनं घेतलं होतं विकिपीडियावरून, आणि त्या स्थळानंही तिथूनच उचललं होतं. विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली कुणालाही पुन्हा वापरता येतो, त्यामुळे त्याच्या शेकडो प्रती जाळ्यावर पडलेल्या असतात. तुम्ही एका ठिकाणाहून उतरवता आणि जुळणी भलत्याच ठिकाणाशी लागते. विद्यार्थ्याला वाटतं यंत्र खोटं बोलतंय. यंत्र एवढंच सांगत असतं की हे शब्द, याच क्रमानं, आधी कुठेतरी आहेत.

हे कसं कळतं, ते तिला मी कागदावर मांडून दाखवलं. आज तुम्हालाही दाखवते. हे वाक्य घ्या:

"१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या या गाडीला चौदा डबे होते आणि त्यांत सुमारे चारशे पाहुणे बसले होते."

वीस शब्द. आता पाच-पाच शब्दांचे तुकडे करत जा, दर वेळी एकच शब्द पुढे सरकून. पहिला तुकडा '१६' पासून 'दुपारी' पर्यंत, दुसरा 'एप्रिल' पासून 'बोरीबंदरहून' पर्यंत. असे सोळा तुकडे पडतात. यंत्र प्रत्येक तुकड्याचा एक आकडा करतं आणि आकड्यांच्या यादीत शोधतं. कुणी पाच शब्द घेतं, कुणी आठ, तत्त्व तेच. आता विद्यार्थी हुशारी करतो. 'निघालेल्या'चं 'सुटलेल्या' करतो, 'पाहुणे'चं 'निमंत्रित'. पहिल्या बदलानं पाच तुकडे मोडले, दुसऱ्यानं तीन, कारण तो वाक्याच्या शेवटाजवळ आहे. उरले आठ, म्हणजे बरोबर निम्मे! 'या' पासून 'चारशे' पर्यंत सलग नऊ शब्द जसेच्या तसे. पाच शब्द योगायोगानं जुळतीलही, 'या गाडीला चौदा डबे होते' हे कुणीही लिहील. नऊ शब्द एकाच क्रमानं दोन माणसांच्या हातून सहसा उतरत नाहीत. म्हणून इकडेतिकडे शब्द बदलून कुणी सुटत नाही.

यात आपल्या मराठीची एक गंमत आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो: खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण शोधखिडकीत एक टाकलात तर साधा शोध दुसरा सोडून पुढे जातो. त्या मुलीच्या स्वतःच्या पानांत सगळीकडे पहिली तऱ्हा होती, आणि नेमक्या रंगवलेल्या परिच्छेदांत दुसरी. तपासणीच्या यंत्रानं आधी अक्षरं एकसारखी करून घेतली नाहीत, तर मराठीत काही साम्य निसटतं हे खरं. पण परीक्षकाला तीच फट दिसते. भाषा बदलली हे वाचणाऱ्याच्या कानाला कळतं, आणि टंकनाची तऱ्हा बदललेली शोधखिडकीत दिसली की ते सिद्ध होतं.

आता तिचं पहिलं वाक्य: संदर्भ दिला होता. हो, परिच्छेदाखाली 'विकिपीडिया' असं लिहिलं होतं. पण अवतरणचिन्हं नव्हती. नुसत्या संदर्भाचा अर्थ होतो, 'माहिती तिकडची, शब्द माझे'. शब्दही तिकडचे असतील तर अवतरणचिन्ह हवंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्यातून वगळायला सांगितलाय. योगायोगानं जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांपर्यंतही सूट आहे. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांत. ही मुलगी त्या खणात पडली. नुसती अवतरणचिन्हं घातली असती तर आकडा उतरला असता, पण मग पानंच्या पानं अवतरणांची झाली असती आणि मार्गदर्शकांनी ती परत केली असती. तिला मी म्हटलं, पान वाच, मिटव, चहा पिऊन ये, आणि मग लिही. आठवलेलं लिहिताना वाक्य आपलंच होतं.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. मग भराभर सांगते.

'संदर्भ: गूगल' लिहू नका. गूगल म्हणजे पत्ता विचारायचा पानवाला, त्यानं दाखवलेलं घर वेगळं.

विकिपीडियाचं पान आज एक असतं, उद्या दुसरं. म्हणून 'इतिहास पहा' मध्ये जाऊन, तुम्ही वाचलेल्या आवृत्तीच्या तारखेवर टिचकी मारा. वर पत्त्यात `oldid=` आणि पुढे एक आकडा येतो. तो पत्ता द्या, त्यावर तीच आवृत्ती उघडते. आणि शक्य तिथे तळटीपेतलं मूळ पुस्तक काढून वाचा, मग त्याचाच संदर्भ द्या. पहिल्या गाडीला लागलेला वेळ कुठे सत्तावन्न मिनिटं दिलाय, कुठे सव्वा तास. गाडीची तारीख सर्वांना माहीत आहे, तिला संदर्भ नसला तरी चालतो. मिनिटांना मात्र हवा, कारण तिथे मतभेद आहे.

मराठी विश्वकोशाचा संदर्भ देताना आपण नुसतं 'विश्वकोश, वाई' लिहितो, याचा मला खरोखर राग येतो. नोंदीच्या शेवटी बहुधा लेखकाचं नाव असतं, आधी आडनाव, मग आद्याक्षरं. ज्यानं खपून ती नोंद लिहिली त्याचं नाव आधी, मग नोंदीचं शीर्षक, कोश, खंड, खंडाचं वर्ष, पृष्ठ. संकेतस्थळावर वाचली असेल तर तो पत्ता आणि पाहिल्याची तारीख. संकेतस्थळावर दिसणारी तारीख खंडाचं वर्ष म्हणून लिहू नका. पहिला खंड १९७६चा आहे.

ब्लॉगचं म्हणाल तर मुखपृष्ठाचा पत्ता उपयोगाचा नाही, दोन महिन्यांत तिथे दुसराच लेख असतो. लेखाच्या शीर्षकावर टिचकी मारून त्या एका लेखाचा पत्ता घ्या. लेखक टोपणनावानं लिहीत असेल तर टोपणनावच द्या, खरं नाव शोधून घालू नका. शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, पाहिल्याची तारीख. आणि web.archive.org वर जाऊन `Save Page Now` च्या चौकटीत लेखाचा पत्ता टाकून ते पान साठवून ठेवा, तो दुसरा पत्ताही जोडा. ब्लॉग उद्या बंद पडला तरी परीक्षकाला तुमचं पान दिसेल.

ती मुलगी पाच महिन्यांनी परत आली. रेल्वेचं प्रकरण पुन्हा लिहिलं होतं. एका तळटीपेत `oldid=` चा पत्ता होता. मी तिच्यासमोर एकेक आकडा टंकला. पान उघडलं, आणि त्यात तोच जुना परिच्छेद होता, ज्यावरून ती माझ्या टेबलापाशी रडली होती. तिच्या नव्या पानावर त्यातलं एकही वाक्य नव्हतं.