पाच पाथ, एक कॉल आणि 12.41 हे उत्तर

फळ्यावर मी आधीच लिहून ठेवलंय ते बघा. शेअरचा आजचा भाव 100, स्ट्राइक पण 100, मुदत एक वर्ष, व्याजदर 5 टक्के आणि व्होलॅटिलिटी 20 टक्के, डिव्हिडंड नाही. युरोपियन कॉल आहे, म्हणजे शेअर स्ट्राइकच्या भावाने विकत घ्यायचा हक्क, आणि तो वापरायचा तर फक्त वर्षाच्या शेवटी, मधे नाही. याचं ब्लॅक-शोल्सच्या तयार फॉर्म्युल्याने उत्तर 10.45 येतं. ते उत्तर आत्ता बाजूला ठेवू, शेवटी ताडून बघायला लागेल.

आपल्याला काय करायचंय तर वर्षाच्या शेवटी शेअर कुठे असू शकतो याचे काही नमुने काढायचे, प्रत्येक नमुन्यात कॉल किती देतो ते बघायचं, ते पैसे आजच्या किमतीत आणायचे आणि सरासरी काढायची. बस एवढंच. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात, फेलिम बॉयल यांनी 1977 मध्ये ऑप्शनसाठी ती मांडली. आणि मी मुद्दाम पाचच नमुने, म्हणजे पाथ, घेतलेत, कारण कॉम्प्युटरला दहा लाख पाथ सांगितले की उत्तर येतं पण आत काय चाललंय ते दिसत नाही, पाच असले की हाताने दिसतं.

शेवटचा भाव काढायचा फॉर्म्युला हा:

```
S_T = S_0 * exp((r - sigma^2/2)*T + sigma*sqrt(T)*Z)
```

S_0 आजचा भाव, r व्याजदर, sigma व्होलॅटिलिटी, T मुदत, आणि Z म्हणजे स्टँडर्ड नॉर्मल वितरणातून उचललेला एक रँडम आकडा. आपले आकडे टाकले की कंसातलं 0.03 अधिक 0.2 गुणिले Z एवढंच उरतं. आता कुणीतरी विचारणारच की पाथ म्हणता आणि एकदम शेवटी उडी मारता, मधले दिवस कुठे गेले? तर युरोपियन कॉलला मधल्या दिवसांशी काही घेणंदेणं नाही, तो फक्त शेवटचा भाव बघतो, आणि या मॉडेलमध्ये शेवटच्या भावाचं वितरण आपल्याला नेमकं माहितीय, त्यामुळे बारा महिन्यांच्या बारा पायऱ्या चढलात काय किंवा एक उडी मारलीत काय, वितरण तेच.

माझे पाच Z: 0.5, -1.2, 0.3, 1.6 आणि -0.4. त्यावरून शेवटचे भाव आले 113.88, 81.06, 109.42, 141.91 आणि 95.12. स्ट्राइक 100 आहे, म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या पाथवर कॉल कुणी वापरणारच नाही, तिथे शून्य. बाकीच्यांवर 13.88, 9.42 आणि 41.91 मिळतात, पण वर्षाने. त्यांना exp(-0.05) म्हणजे 0.9512 ने गुणलं की आजचे झाले 13.21, 8.96 आणि 39.86. बेरीज 62.03, भागिले पाच (तीन नाही हं, शून्यवाले पण मोजायचे), उत्तर 12.41.

इथे एक चूक फार जण करतात. आधी पाच भावांची सरासरी काढायची आणि मग त्या सरासरीवर कॉल लावायचा. सरासरी येते 108.28, त्यातून 100 वजा, डिस्काउंट करून 7.88. कुठे 12.41 आणि कुठे 7.88! कारण शेअर 81 ला गेला तर कॉलवाल्याचे 19 बुडत नाहीत, त्याला शून्य मिळतं, आणि हीच तर ऑप्शनची सगळी मजा आहे. आधी सरासरी घेतली की ते 19 वजा होतात. म्हणून पेऑफ, म्हणजे कॉल देतो ते पैसे, आधी, सरासरी नंतर.

आता 12.41 वर किती भरवसा ठेवायचा? चौथा पाथ बघा, 62 पैकी जवळजवळ 40 त्या एकट्याने आणलेत. तो काढून टाकला तर उरलेल्या चारांची सरासरी 5.54 होते. कॉलच्या बाबतीत हे नेहमीच असं असतं, बरेच शून्य आणि थोडे मोठे आकडे. पाच डिस्काउंटेड पेऑफचं स्टँडर्ड डेव्हिएशन येतं 16.39, त्याला पाचच्या वर्गमुळाने भागलं की स्टँडर्ड एरर 7.33. म्हणजे उत्तर खरं तर "12.41, पण सात इकडे नाहीतर सात तिकडे" असं आहे. हा दुसरा आकडा न सांगता नुसता पहिला सांगणं ही मला तरी फसवणूकच वाटते.

आणि वर्गमूळ असल्यामुळे प्रगती फार हळू होते. चूक निम्मी करायची तर पाथ चौपट लागतात. आपल्या या कॉलच्या पेऑफचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 14.7 आहे, तेव्हा दहा हजार पाथ घेतले तरी स्टँडर्ड एरर 0.15 च्या आसपास राहतो, आणि 0.01 वर आणायचा म्हटलं तर वीस लाखांच्या वर पाथ.

पण थोडं डोकं चालवलं तर त्याच पाच Z मधून जास्त काढता येतं. प्रत्येक Z चं चिन्ह उलटं करून जोडीदार पाथ बनवा. -0.5, 1.2, -0.3, -1.6, 0.4. यातले तीन शून्य देतात, 1.2 वाला डिस्काउंट करून 29.48 देतो आणि 0.4 वाला 11.06. दहा पाथची सरासरी झाली 10.26. खऱ्या 10.45 च्या एवढं जवळ येणं हे थोडं नशीब पण आहे, ते मी लपवत नाही, पण सगळं नशीब नाही. एक पाथ फार वर गेला की त्याचा जोडीदार खाली जातो आणि दोघांची सरासरी शांत होते. फक्त स्टँडर्ड एरर काढताना दहा सुटे पाथ धरू नका, जोडीदार एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. प्रत्येक जोडीची सरासरी काढा आणि ते पाच आकडे घ्या, मग येतो 3.02.

गणित बरोबर लिहिलंय का हे कळायचा एक स्वस्त उपाय आहे, मी प्रत्येक वेळी तो करतो. कॉल विसरा, नुसत्या शेवटच्या भावांची सरासरी डिस्काउंट करा, ती आजच्या भावाएवढी म्हणजे 100 यायला हवी. आपल्या पहिल्या पाचांची 103.0 येते, म्हणजे नमुनाच जरा वर झुकलेला होता, आणि कॉल महाग का आला त्याचं एक कारण तिथेच सापडतं. दहांची 99.8 येते. आता समजा लाखो पाथ घेतले आणि तरी 102 वर अडकलात, तर नमुन्याला दोष देऊ नका, फॉर्म्युल्यातलं sigma^2/2 वजा करायचं राहिलंय, कारण exp(0.02) म्हणजे 1.02. तसंच कुणी r च्या जागी "हा शेअर वर्षाला 12 टक्के वाढतो असं मला वाटतं" म्हणून 0.12 टाकलं, तर सरासरी 107 च्या वर जाते. शेअर किती वाढेल हे तुमचं मत इथे चालत नाही, कारण कॉल विकणारा शेअर विकत घेऊन आपली बाजू सांभाळू शकतो, त्यामुळे वाढीचा दर व्याजदराचाच धरावा लागतो.

मागून प्रश्न आलाय की फॉर्म्युला तयार असताना एवढा खटाटोप कशाला. या कॉलसाठी खरंच गरज नाही, मी पण नसता केला. पण उद्या वर्षभरातल्या सरासरी भावावर पैसे देणारा ऑप्शन आला, तर मघाशी ज्या मधल्या पायऱ्या आपण उडी मारून टाळल्या त्या सगळ्या चढाव्या लागतात आणि साध्या सरासरीसाठी असा सोपा नेमका फॉर्म्युलाही नाही. तेव्हा तोच प्रोग्राम आधी या साध्या कॉलवर चालवायचा, 10.45 स्टँडर्ड एररच्या हद्दीत येतंय का बघायचं, आणि आलं की मगच पेऑफची ओळ बदलायची.