संध्याकाळी कॅश कमी भरली तर : पतसंस्थेतल्या कॅशियर मंडळींशी बोललेलं

मंडळी, आज एकच विषय घेऊ. संध्याकाळी कॅश मोजली, कॉम्प्युटर म्हणतोय 7,86,340 आणि हातात भरतायत 7,78,340. आठ हजार कमी. सोयाबीनचा सीझन चालूय, मोंढ्यातून आडत्यांची माणसं दिवसभर काउंटरवर, आणि शेवटच्या बसची वेळ झालेली. अशा वेळी बरेच कॅशियर काय करतात तर घरी फोन लावून पैसे मागवतात आणि गुपचूप भरून टाकतात. हे करू नका. पैसे भरले की कॅश जुळते, किर्दीत तुटीचा मागमूस राहत नाही, मग उद्या एखादा शेतकरी जास्तीचे पैसे परत घेऊन आला तर ते कशापोटी आले हे कुठंच दिसत नाही.

आधी शोधायचं. मोजणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, बांधलेली पॅकेटंसुद्धा उघडून. मग रकमेकडं बघा. आठ हजाराची निम्मी चार हजार, तर चार हजाराचं एखादं पेमेंट चुकून जमेत गेलंय का ते बघायचं, कारण तसं झालं की फरक दुप्पट पडतो. फरकाला 9 नं पूर्ण भाग गेला असता तर आकड्यांची अदलाबदल झालीय का, म्हणजे 5,400 चे 4,500 वगैरे, हे तपासलं असतं, पण आठ हजाराला 9 नं भाग जात नाही, म्हणून तो रस्ता सोडून द्या.

आता खरी गोष्ट नोटांच्या तपशिलात असते, आणि तिकडंच लोक बघत नाहीत. सकाळची शिल्लक नोटनिहाय घ्या, दिवसभराच्या स्लिपांमागं लिहिलेल्या नोटा मिळवा-वजा करा, आणि हातातल्या नोटांशी ताडून बघा. आपल्या उदाहरणात पाचशेच्या 20 नोटा कमी निघाल्या आणि शंभरच्या 20 जास्त. म्हणजे दहा हजार कमी, दोन हजार जास्त, निव्वळ तूट आठ हजार. आकडा चुकलेला नाही हे इथंच कळलं, शंभरच्या जागी पाचशेच्या नोटा गेल्यात. मग ज्या स्लिपमागं 100 × 20 लिहिलंय तेवढ्याच काढायच्या. 52,000 चं एक पेमेंट निघालं, पाचशेचं एक पॅकेट आणि वर दोन हजार सुटे. संशय तिथं. पण संशय म्हणजे पुरावा नाही, सीसीटीव्ही बघायला आणि माणसाला गाठायला उद्या उजाडणार, आणि दिवस तर आजच बंद करायचाय.

म्हणून नोंद अशी. 'रोख तूट येणे' खातं, कुठं त्याला सस्पेन्स म्हणतात, ते 8,000 नं नावे आणि रोख 8,000 नं जमा. आता किर्दीतली शिल्लक 7,78,340, तिजोरीत तेवढेच. व्हाउचरवर तारीख, काउंटर, कॅशियरचं नाव, नोटनिहाय फरक लिहा, मॅनेजरची सही घ्या, आणि मुख्य ऑफिसला त्याच संध्याकाळी लेखी कळवा. थेट नुकसान खात्याला टाकायचं नाही, कारण पैसा बुडाला हे अजून ठरलंच नाही. कॅशियरच्या नावावर उचल म्हणूनही टाकायचं नाही, त्याची जबाबदारी चौकशीनंतर ठरेल. माझं हे मत पक्कं आहे, पोराच्या पगारातून पहिल्याच दिवशी कापणं अन्याय आहे.

त्याच दिवशी कळवणं का महत्त्वाचं? बँकांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या फ्रॉडविषयीच्या निर्देशांत असं होतं की दहा हजाराच्या वरची तूट हेतू नसला तरी फ्रॉड म्हणून कळवायची, आणि पाच हजाराच्या वरची तूट कॅशियरनं त्या दिवशी न सांगता तपासणीत सापडली तर तीही. पतसंस्थेला हे निर्देश लागत नाहीत, पण ऑडिटर बघतो त्याच नजरेनं. स्वतः सांगितलेली तूट आणि पकडलेली तूट यात लई फरक आहे, बरं का.

दुसऱ्या दिवशी फुटेजमध्ये नोटा देताना स्पष्ट दिसलं, तर त्या खातेदाराला मॅनेजरनं भेटायचं, एकट्या कॅशियरनं जायचं नाही. चुकून मिळालेला पैसा परत करणं 1872 च्या करार कायद्याच्या कलम 72 नं बंधनकारक आहे, पण बहुतेक वेळा कायदा काढायची पाळीच येत नाही, माणूस घरी जाऊन मोजतो आणि पिशवी घेऊन येतो. पैसे आले की रोख 8,000 नावे, रोख तूट येणे 8,000 जमा, खातं शून्य. त्याला पावती द्या.

नाहीच मिळाले तर चौकशीचं टिपण संचालक मंडळापुढं ठेवायचं, ते ठरवतील कॅशियरकडून वसूल करायचं की नुकसानीत टाकायचं, आणि ठरावाच्या तारखेलाच या खात्यातून रक्कम तिकडं वळवायची. 31 मार्चला या खात्यात शिल्लक राहिलीच तर एकगठ्ठा आकडा दाखवू नका, कोणत्या तारखेची, कोणत्या काउंटरची, चौकशी कुठवर आली, अशी यादी ऑडिटरला द्या.