रिपोर्ट बाजूला ठेवा, आधी हात दाखवा

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ‘माझा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे मला आमवात झालाय का?’ हा प्रश्न मला ओपीडीत सतत ऐकू येतो. आरए फॅक्टर म्हणजे आमवातात बहुधा रक्तात सापडणारं एक प्रथिन. त्यामुळे आज या एकाच प्रश्नावर बोलतो. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आणि सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, यांत फरक कसा करायचा? रक्ताचा रिपोर्ट त्यात उपयोगी आहे, पण त्याची पाळी शेवटी येते.

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बासष्ट वर्षांच्या एक काकू आल्या. बोटं दुखतात, पीठ मळताना आणि बरणीचं झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. कोणीतरी तपासण्यांचं पूर्ण पॅकेज करायला लावलं होतं. आरए फॅक्टर 34, प्रयोगशाळेची मर्यादा 20. शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्या, ईएसआर 30 आणि सीआरपी 3. ‘आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील’ असं शेजारणीने सांगितल्यामुळे काकू अर्ध्या खचलेल्याच होत्या.

मी म्हटलं, काकू, फाइल राहू द्या, हात टेबलावर ठेवा.

बोटाला तीन सांधे असतात. नखाजवळचा, मधला आणि बोट जिथे तळहाताला मिळतं तो, म्हणजे मूठ वळल्यावर उंचवटा दिसतो तो. काकूंच्या नखाजवळच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंना टणक गाठी होत्या. दाबून पाहिलं तर हाडासारख्या घट्ट. विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं, ते 1802 मध्ये छापून आलं; आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. अंगठ्याचं मूळ थोडं चौकोनी होऊन बाहेर आलेलं. मुठीचे उंचवटे मात्र स्वच्छ, त्यांच्यामधल्या खळ्या नीट दिसत होत्या. मनगटंही मोकळी.

आमवाताची आवड याच्या उलट असते. तो मुठीच्या उंचवट्यांचे सांधे, बोटांचे मधले सांधे, मनगटं आणि पायाचे चवडे धरतो, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. नखाजवळचा सांधा तो सहसा सोडून देतो. सूजही वेगळी लागते; टणक गाठ नसते, दाबल्यावर मऊ, जरा फुगीर वाटते. मी हस्तांदोलन करताना चारही उंचवटे बाजूंनी हलकेच दाबतो. आमवाताचा रुग्ण चटकन हात मागे घेतो. काकूंनी घेतला नाही.

मग विचारलं, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? ‘असतात की, जरा वेळ.’ या उत्तराचा काही उपयोग नाही. म्हणून मी असं विचारतो: सहाला उठलात, तर मूठ पूर्ण कधी वळते? दात घासेपर्यंत, चहा होईपर्यंत, की नऊ वाजता? काकू म्हणाल्या, चहाचं आधण उकळेपर्यंत हात मोकळे होतात, पण दिवसभर काम झालं की संध्याकाळी ठणकतात. हे झिजेचं बोलणं. तिथला ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा येतो, चार पावलं चाललं की सुटतो. आमवातात सकाळचा तास, कधी दोन तास जातात, आणि हालचाल वाढेल तसा माणूस सुधारतो.

असं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे वेळ पाठ करावी लागणार नाही. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात पाणी धरतं. दाह पेटवणारी रसायनं, विशेषतः इंटरल्युकिन-6, पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त असतात, आणि रात्रभर हालचाल नसल्याने साठलेलं पाणीही निचरत नाही. म्हणून सकाळ वाईट. हे जाड झालेलं अस्तर कडेने हाडात शिरतं आणि जिथे कूर्चेचं, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचं, आच्छादन नसतं तिथे हाड कुरतडतं. एक्स-रेवर सांध्याच्या काठाला खाचा दिसतात त्या याच. पण पहिल्या काही महिन्यांत एक्स-रे साफ नॉर्मल असू शकतो, हे विसरू नका.

झिजेत गोष्ट कूर्चेपासून सुरू होते, असं ढोबळपणे म्हणू. कूर्चा पातळ होते, खालचं हाड कठीण होतं, कडेला नवं हाड वाढतं. हेबरडेनच्या गाठी हे असंच वाढलेलं हाड. दाह इथेही थोडा असतो, पण रक्तात दिसण्याइतका सहसा नसतो. भार पडला की दुखतं, म्हणून संध्याकाळ वाईट.

आता तो 34 चा आकडा. आरए फॅक्टर निरोगी माणसांतही सापडतो आणि वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढतं. हिशेब करू. साठीपुढच्या हजार बायका घ्या. आमवात असेल पाच-दहा जणींना, आणि त्यातल्याही सगळ्या पॉझिटिव्ह नसतात. वीस-तीस टक्क्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उरलेल्या निरोगींपैकी नुसते पाच टक्के जरी पॉझिटिव्ह धरले, तरी त्या पन्नासच्या घरात जातात. म्हणजे लक्षणं न बघता सरसकट तपासणी केली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांत आमवात नसलेल्याच जास्त. शिवाय हेपटायटिस सी, क्षयरोग अशा जुन्या संसर्गांतही हा फॅक्टर वाढतो. अँटी-सीसीपी ही आमवातासाठीची रक्ताची दुसरी तपासणी बरीच जास्त भरवशाची. ती पॉझिटिव्ह आली तर मी कान टवकारतो. काकूंची निगेटिव्ह आली. ईएसआर 30 हाही त्या वयाच्या बाईला चालतो; वयात दहा मिळवून निम्मे करा, छत्तीसपर्यंत मुभा आहे.

2010 साली अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांनी मिळून आमवाताचे गुणांकन ठरवलं. दहापैकी सहा गुण लागतात. पण गुण मोजण्याआधीच अट अशी, की निदान एका सांध्यात दुसऱ्या आजाराने समजावता न येणारी खरी सूज हवी. आणि नखाजवळचे सांधे व अंगठ्याचं मूळ मोजायचेच नाहीत, कारण ती झिजेची ठिकाणं. काकूंचा अर्जच दाखल होत नाही! त्यांना अंगठ्याचा पट्टा, हाताचे व्यायाम आणि लावायचं वेदनाशामक मलम दिलं. मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, दिलं नाही.

उलटही घडतं, आणि ते जास्त महागात पडतं. चाळिशीच्या बाईची मनगटं आणि उंचवटे दोन महिने सुजलेले, सकाळी केसांची पिन लावता येत नाही, पण आरए फॅक्टर निगेटिव्ह. ‘वात नाही’ म्हणून तिला घरी पाठवलं, तर हाडं कुरतडली जात असताना मोलाचे महिने वाया जातात. आपल्याकडे अशा वेळी चिकुनगुनिया विचारायलाच हवा. तोही हुबेहूब असेच सांधे धरतो. ताप कधी आला होता, घरात आणखी कोणाला आला होता का, हे विचारा. आणि नखाजवळचा सांधा सुजलेला, पण नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे दिसले, तर सोरायसिसचा संधिवात शोधा.

सर्वांत अवघड असतात दोन्ही आजार एकत्र असलेले रुग्ण. वीस वर्षांचा आमवात, औषधाने शांत. आता गुडघा दुखतो, म्हणून ते म्हणतात, डॉक्टर, डोस वाढवा. मी पुन्हा तेच विचारतो: सकाळी किती वेळ, आणि जिना उतरताना काय होतं? सकाळ मोकळी, सूज नाही, सीआरपी नॉर्मल, पण जिन्यावर कळ. म्हणजे जुन्या दाहाने पोखरलेला गुडघा आता नुसता झिजलाय. अशा वेळी मेथोट्रेक्सेट वाढवून गुडघ्याला काही मिळत नाही, यकृताचा त्रास तेवढा वाढू शकतो. त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगतो, आणि गुडघा फारच गेला असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवतो.