वीस लाखांची पॉलिसी, बत्तीस लाखांचा माल

मंडळी, आज एकच हिशेब करू. समजा, खडेबाजारात साड्यांचं एक दुकान आहे. बँकेची सी.सी. लिमिट 20 लाख, म्हणून आगीचा विमाही 20 लाखांचाच. हा आकडा बहुतेक वेळा कर्जावरून ठरतो, फळीवर माल किती आहे ते बघून नाही. बँकेला आपलं कर्ज सुरक्षित हवं असतं. तुमचा वरचा माल ही तिची काळजी नव्हे.

दिवाळीच्या तोंडावर मागच्या खोलीत शॉर्ट सर्किट झालं आणि 8 लाखांचा माल जळाला. मालक निर्धास्त: पॉलिसी 20 लाखांची आहे, 8 लाख कुठं जातात?

सर्व्हेअर येतो. तो जळालेला माल बघतोच, पण त्याचा पहिला प्रश्न असतो की आगीच्या दिवशी दुकानात एकूण माल किती होता. वह्या जळाल्या तरी त्याचं अडत नाही. मार्चअखेरचा शिल्लक माल 18 लाख, त्यानंतरची खरेदी 44 लाख, ही जीएसटीत दिसतेच. विक्री 40 लाख; त्यातला 25 टक्के नफा काढला की विकलेल्या मालाची खरेदी किंमत 30 लाख. अठरा अधिक चव्वेचाळीस वजा तीस, म्हणजे 32 लाखांचा माल.

आता अ‍ॅव्हरेज क्लॉज लागतो. तुम्ही 32 पैकी 20 लाखांचाच हप्ता भरलात. उरलेल्या 12 लाखांची विमा कंपनी तुम्ही स्वतः. म्हणून नुकसानही त्याच प्रमाणात वाटून घ्यायचं. 8 लाखांना 20 ने गुणून 32 ने भागा: 5 लाख. त्यातून पॉलिसीतली ठरलेली वजावट जाते ती निराळी. आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर चेक आधी बँकेकडे.

छोट्या दुकानांसाठी एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणच्या एकूण मालमत्तेची किंमत 5 कोटींपर्यंत असेल तर ती मिळते. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. आपल्या दुकानदाराचा विमा 27 लाख 20 हजारांचा असता तर कपात झालीच नसती. त्याची तूट मात्र साडेसदतीस टक्के, तिथं ही सवलत कामी येत नाही.

काहीजण जास्त उचल मिळावी म्हणून बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटात माल फुगवून लिहितात. हसू नका, इथं बसलेल्यांतही असतील! सर्व्हेअर तोही कागद मागवतो, आणि फुगवलेला आकडा तुमच्याच दाव्याच्या मुळावर येतो.

विमा रक्कम दसरा-दिवाळी आणि लगीनसराईतल्या सर्वाधिक मालावर धरा, तीही खरेदीच्या भावाने. विक्रीचा भाव धरून जास्तीचा हप्ता भरण्यात अर्थ नाही, नफा काही भरून मिळत नाही. वर्षाच्या मधेच माल वाढला तर एजंटाकडून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी दुरुस्ती, करून घ्या, उरलेल्या महिन्यांचाच जादा हप्ता पडतो. शहापुरात दुसरं गोडाऊन घेतलं असेल तर त्याचा पत्ताही त्यातच घाला, कारण पॉलिसीत नसलेल्या जागेतल्या मालाला अ‍ॅव्हरेजचा प्रश्नच येत नाही, तिथला दावाच उभा राहत नाही.