आरशातलं घड्याळ किती वाजलेत सांगतं?

दृश्य १ : केशकर्तनालय. समोर मोठा आरसा, त्यात मागच्या भिंतीवरचं घड्याळ. तबकडीवर आकडे नाहीत, नुसते बारा ठिपके.

निवेदन : कटिंगच्या खुर्चीतून मागच्या भिंतीवरचं घड्याळ समोर दिसतं. आत्ता आरशात तीन वाजून चाळीस मिनिटं झालीत. खरे वाजलेत आठ वीस.

दृश्य २ : आरशातला सेकंद काटा, जवळून.

निवेदन : सेकंद काटा बघा. बारावरून तो अकराकडे निघालाय. वरचा बारा आणि खालचा सहा जागेवरच आहेत, बाकीच्या खुणांनी बाजू बदललीय. खरे काटे बाराच्या जेवढे पुढे, तेवढेच आरशातले मागे. म्हणून दोन्ही वेळा मिळून १२ तास भरतात.

दृश्य ३ : शाळेचा वर्ग. फळ्यावर ११:६० − ३:४० = ८:२०.

निवेदन : शिष्यवृत्तीच्या तासाला मुलं ही वजाबाकी करतात. बारा वाजले म्हणजे ११ वाजून ६० मिनिटं. असं मांडलं की हातचा लागत नाही. आरशात १२:२५ दिसले, तर १२ च्या जागी शून्य घ्यायचं. खरी वेळ ११:३५.

दृश्य ४ : पुठ्ठ्याचं घड्याळ. एक मुलगी तास काटा बरोबर आठावर ठेवते, मिनिट काटा चारवर. शेजारी आरसा.

निवेदन : चूक होते ती इथे. आरशात तास काटा नेमका चारवर दिसतो, मिनिट काटा आठावर. मुलगी ४:४० वाचते आणि उत्तर काढते ७:२०. वजाबाकी अचूक आहे, काटा चुकीच्या जागी आहे. तास काटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो. वीस मिनिटांत दहा अंश, म्हणजे आठ ते नऊ या अंतराचा एक तृतीयांश. पुठ्ठ्यावर दोन्ही काटे सुटे असल्यानं तो मागेच राहतो.

दृश्य ५ : भिंतीवरचं घड्याळ उलटं धरलेलं. मागची चकती फिरवणारी बोटं. मग समोरून दोन्ही काटे.

निवेदन : त्यापेक्षा भिंतीवरचं जुनं घड्याळ वर्गात आणावं. मागची चकती फिरवली की दोन्ही काटे मिळून चालतात. आठ वीसला तास काटा आठाच्या थोडा पुढे, आणि आरशात चारच्या तेवढाच अलीकडे. चार अजून वाजायचेत, हे डोळ्यांनाच कळतं. सूत्र त्यानंतर द्यावं.

दृश्य ६ : पाण्यानं भरलेली परात. काठाशी तेच घड्याळ उभं धरलंय.

निवेदन : पाण्यात मात्र वरचं खाली जातं. आठ वीसचा मिनिट काटा दोनवर दिसतो. तास काटा नऊ सोडून दहाच्या जवळ. नऊ दहा म्हणावं तर तो फार पुढे आहे, दहा दहा म्हणावं तर दहापर्यंत पोचलेलाच नाही. चालत्या घड्याळात काट्यांची अशी जोडी कधी येत नाही. आरशात बाराला दोन्ही काटे एकत्र असतात आणि तिथून दोघे मिळून उलटे चालतात, म्हणून तिथे खरी वेळ सापडते.