दप्तरातल्या 74 चाचण्या

[दृश्य: काळ्या पडद्यावर 74 पांढरे ठिपके]

नैराश्यावरच्या 12 औषधांच्या या 74 चाचण्या. अमेरिकेत औषधाला मंजुरी हवी असेल, तर कंपनीला चाचणीचा आराखडा आधी आणि निकाल नंतर एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेकडे द्यावा लागतो, निकाल कसाही लागो. म्हणून फसलेल्या चाचण्याही या दप्तरात सापडतात. संशोधक एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी हे दप्तर छापील शोधनिबंधांशी ताडून पाहिलं आणि 2008 मध्ये निष्कर्ष मांडले.

एफडीएच्या लेखी 38 चाचण्यांत औषध सरस ठरलं होतं. त्यातल्या 37 छापून आल्या.

[दृश्य: 22 ठिपके विझतात]

उरलेल्या 36 चाचण्यांचा निकाल नकारात्मक किंवा संदिग्ध होता. त्यातल्या 22 कुठेच छापल्या गेल्या नाहीत. 3 जशा होत्या तशा आल्या. आणि 11 आल्या त्या अशा मांडणीत, की वाचणाऱ्याला औषध लागू पडलं असंच वाटावं. आता वाचकाच्या बाजूने मोजा. समोर 51 चाचण्या, त्यातल्या 48 यशस्वी दिसणाऱ्या, म्हणजे 94 टक्के. दप्तरात मात्र यशाचं प्रमाण 51 टक्केच आहे.

मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये मोठ्या चाचणीला जास्त वजन देऊन सगळ्यांची सरासरी काढतात. इथे परिणाम म्हणजे औषध आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, यांच्या गटांतला फरक, रुग्णारुग्णांतल्या चढउताराच्या मापाने मोजलेला. छापील निबंधांवरून या परिणामाची सरासरी 0.41 आली, दप्तरावरून 0.31. औषधं प्लासिबोपेक्षा सरसच राहिली, पण फायदा जवळपास एक तृतीयांशाने फुगलेला होता. आणि इथेच खरी मेख आहे. जितक्या जास्त चाचण्या एकत्र कराल, तितकी योगायोगाने होणारी चूक घटते आणि अंदाजाची पट्टी अरुंद होते. निवडून छापल्यामुळे आलेला कल मात्र तसाच राहतो. चुकीच्या आकड्याभोवतीच खात्री वाढत जाते.

लहान चाचण्या हा कल आणखी वाढवतात. समजा, खरा परिणाम 0.31 आहे आणि दोन्ही गटांत 30-30 रुग्ण आहेत. एवढ्या लहान चाचणीत निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असा, ठरायला परिणाम किमान 0.5 च्या आसपास दिसावा लागतो. म्हणजे या चाळणीतून पार होणारी प्रत्येक चाचणी परिणाम वाढवूनच दाखवणार.

[दृश्य: फनेल प्लॉट, खालचा एक कोपरा रिकामा]

फनेल प्लॉट या आकृतीत प्रत्येक चाचणी एक ठिपका असते: आडवा तिचा परिणाम, उभा तिचा आकार, लहान चाचण्या खाली. तिच्यात अशा गायब लहान चाचण्यांची जागा मोकळी दिसते. पण चाचण्या दहाहून कमी असतील, तर या आकृतीवर विसंबू नये. शिवाय लहान चाचण्यांतले रुग्ण वेगळे असले, तरीही ती एकीकडे झुकते. आणि त्या 11 चाचण्या तर गायब नाहीतच, त्या आकृतीत बसलेल्या आहेत, चुकीच्या जागी. त्या पकडायच्या, तर प्रत्येक निबंधातला मुख्य निकष चाचणी सुरू होण्याआधी नोंदवलेल्या निकषाशी एकेक करून ताडावा लागतो. टर्नर यांनी नेमकं तेच केलं होतं.